फोन केला होता, पण मेलमधल्या नंबरावर

आमची शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. कोअरसाठी लागणारं रेझिन नऊ वर्षं पुण्याच्या एकाच सप्लायरकडून घेतोय. 2023 च्या दिवाळीआधी त्यांचं 6,84,400 रुपयांचं बिल द्यायचं होतं, तेवढ्यात मेल आला: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, पेमेंट या नव्या खात्यावर करा. जुन्याच मेलच्या उत्तरात आलेला, खाली आमचा आधीचा सगळा पत्रव्यवहार. बिल नंबर बरोबर, पीडीएफवर त्यांचाच शिक्का. बदललं होतं ते फक्त खातं.

शंका आली, म्हणून फोनही केला. तिथंच माती खाल्ली, कारण नंबर घेतला तो मेलच्या तळाशी सहीखाली होता तोच. पलीकडचा हिंदीत म्हणाला, "हां जी, वही खाता है." पुण्याच्या मॅडम माझ्याशी कधी हिंदीत बोललेल्या नाहीत. नवा माणूस ठेवला असेल म्हणालो आणि आरटीजीएस करून मोकळा झालो.

आठव्या दिवशी मॅडमचा फोन आला, "पेमेंटचं काय झालं हो?"

मग मेल मोठा करून बघितला. कंपनीच्या नावातल्या m च्या जागी r आणि n शेजारीशेजारी होते. त्यांच्या मेलचा पासवर्ड चोरीला गेला होता, त्यामुळं कुठलं बिल कधी द्यायचंय हे चोराला ठाऊक होतं. अशा वेळी मेल खऱ्या पत्त्यावरूनही येऊ शकतो, त्यामुळं नुसतं स्पेलिंग तपासून भागत नाही.

बँकेत मी कंपनीचं नाव लिहिलं होतं, खातं निघालं परराज्यातल्या कुणा माणसाचं. पण पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळवत नाहीत. एप्रिल 2025 पासून नेटबँकिंगमध्ये क्रमांक आणि आयएफएससी टाकला की खातेदाराचं नाव दिसायची सोय आली आहे. ते नाव वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. एक रुपया पाठवून बघतो म्हणाल, तर "मिळाला" असं उत्तर चोरच देतो.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, cybercrime.gov.in वरही टाकली. आठ दिवसांत खातं जवळपास रिकामं झालं होतं. त्याच दिवशी कळलं असतं तर बँकेला रक्कम गोठवता आली असती.

आता सप्लायरचे नंबर जुन्या बिलांवरून वहीत उतरवलेत. खातं बदलल्याचा मेल आला की वहीतल्या नंबरावर फोन करायचा, आणि नवा क्रमांक आपण वाचून दाखवायचा नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचा.

गेल्या महिन्यात त्याच मॅडमनी खरोखरच बँक बदलली. फोन केला तर वैतागल्या, "अहो, मेल केलाय की!"

"केलाय ओ मॅडम. शेवटचे सहा आकडे सांगा."