शिफ्ट बदलायचा मेसेज: आदल्या दिवशी एकेक, की तीन तारखा एकदम?

आईचा फॉलोअप दर सहा आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, ठाण्याला. माझी ड्युटी रबाळे एमआयडीसीत, दर आठवड्याला शिफ्ट फिरते, फर्स्ट, सेकंड, नाईट. डोक्यात यायला वर्ष गेलं की फिरती तीन आठवड्यांची आणि फॉलोअप सहाचा, म्हणजे दर वेळी माझी फर्स्टच पडणार आणि सेकंडवालाही दर वेळी तोच. नाईटवाल्याला विचारून उपयोग नाही, तो सकाळी सातला सुटतो, त्यालाच परत कसा उभा करणार.

दोन्ही प्रकारचे मेसेज टाकून झालेत.

पहिला असा: "दादा, उद्या माझी फर्स्ट करशील का, आईला दाखवायचंय. तुझी सेकंड मी करतो." सुटसुटीत आहे, नाही कुणीच म्हणत नाही, पण उत्तर येतं "बघतो". या बघतोनेच माझं डोकं उठवलं. दादा तेव्हा सेकंडला, मोबाईल लॉकरमध्ये, अकराला सुटल्यावर घरी विचारून सांगणार, तोवर आईची फाईल, जुने रिपोर्ट पिशवीत भरून मी जागाच. एकदा बारा वाजले तरी काही नाही, शेवटी बहिणीला झोपेतून उठवून आईसोबत पाठवलं. आणि दादाचं तरी काय चुकलं, रात्री अकराला सुटून सकाळी सातला परत हजर व्हायचं, मध्ये आठ तास, त्यातच येणंजाणं.

दुसरा मेसेज लांबलचक होतो, टाकायला जरा ओशाळल्यासारखंही वाटतं:

"दादा, आईचे फॉलोअप २ जून, १४ जुलै, २५ ऑगस्ट, तिन्ही मंगळवार. माझी फर्स्ट तू, तुझी सेकंड मी. सोमवारी तुझी झोप कमी होणार माहितीये, म्हणून गणपतीत तुझी एक शिफ्ट मी घेतो, दिवस तू सांग. एखादी तारीख जमत नसेल तर आत्ताच सांग, दुसऱ्याला विचारतो. हो म्हणालास की इनचार्जना दोघांची नावं देतो."

यावर बघतो आलं नाही. "जुलैचं नाही जमणार, बाकी दोन कर" असं आलं. नकारच होता पण महिनाभर आधी. शेवटची ओळ मात्र गाळू नका, इनचार्जच्या रोस्टरमध्ये बदल चढला नाही तर आपलं आपसात ठरलेलं असूनही गैरहजेरी आपल्याच नावावर लागते.

आता तुमच्याकडे डॉक्टर रिपोर्ट बघून पुढची तारीख देत असतील तर पहिलाच बरा, तारखाच माहीत नाहीत तर लिहिणार काय. आमच्याकडे ठरलेल्या असतात, म्हणून मी तरी दुसऱ्यावरच आलोय.

बाकी यावेळी डॉक्टरांना विचारणारे, गोळ्या पुरत असतील तर एकदाच सातव्या आठवड्यात आणलं तर चालेल का. चाललं तर तो मंगळवार माझ्या सेकंडमध्ये जातो, आणि पुढचे सहा-सहावालेही तिथेच पडतात. मग दादाला मेसेजच नको.