दोन बाय दोन मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू काढताना: निश्चयक उलगडावा की ट्रेस धरावा?

ठाण्यात नौपाड्यातील घरी मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवतो. प्रत्येक नव्या तुकडीत एक प्रश्न हमखास येतो: लाक्षणिक बहुपदी मिळवण्यासाठी A − λI चा निश्चयक पूर्ण उलगडावा, की ट्रेस आणि निश्चयक या दोन संख्यांवरून वर्गसमीकरण थेट लिहावे? मी दोन्ही रीती अनेक वर्षे वापरल्या आहेत, आणि ज्यांना यांपैकी एक निवडायची आहे त्यांच्यासाठी माझा अनुभव येथे मांडतो.

पहिल्या रीतीत विचार उघडपणे दिसतो. शून्येतर सदिश v साठी Av = λv हवे असेल, तर (A − λI)v = 0 या समीकरणाला शून्याखेरीज दुसरे उत्तर असले पाहिजे, आणि ते A − λI चा निश्चयक शून्य असेल तेव्हाच असते. म्हणून त्या निश्चयकातून निघणारी बहुपदी शून्याशी समान ठेवली की तिची मुळे याच आयगनव्हॅल्यू ठरतात. हे एकदा तरी स्वतःच्या हाताने केल्याशिवाय दुसऱ्या रीतीकडे वळू नये, असे मला वाटते.

आता ही मॅट्रिक्स घ्या.

```
A = |  4  -2 |
    |  1   1 |
```

उलगडा असा होतो: (4 − λ)(1 − λ) − (−2)(1) = λ² − 5λ + 4 + 2, म्हणजे λ² − 5λ + 6 = 0, आणि मुळे 2 व 3.

माझी अडचण या उलगड्यातील एकाच जागेपाशी आहे. सूत्रातील वजा आणि −2 मधील वजा शेजारी येतात, त्याच वेळी हात λ असलेले दोन कंस गुणत असतो, आणि दोनांपैकी एक वजा गळतो. एका विद्यार्थिनीच्या वहीत हे मी अगदी जवळून पाहिले: कंसांचा गुणाकार निर्दोष होता, λ² − 5λ + 4 नीट आले होते, पण पुढे + 2 ऐवजी − 2 लिहिले गेले आणि समीकरण λ² − 5λ + 2 = 0 झाले. विवेचक 17 आला, तिने निमूटपणे √17 असलेली मुळे लिहिली, आणि ती अपरिमेय मुळे खरी की खोटी हे त्या पानावर कुठेच कळत नव्हते. विद्यार्थी असताना माझ्याही हातून हीच चूक वारंवार होत असे, आणि मी रीत बदलली ती त्यामुळेच.

दुसऱ्या रीतीत मुख्य कर्णावरील संख्यांची बेरीज, म्हणजे ट्रेस, आधी काढायची: 4 + 1 = 5. मग A चाच निश्चयक: 4 × 1 − (−2) × 1 = 6. आणि सरळ लिहायचे: λ² − 5λ + 6 = 0. दहावीत मुळांची बेरीज व गुणाकार दिलेले असताना वर्गसमीकरण तयार करायला आपण शिकलो, तेच हे. दोन वजांचा सापळा येथेही आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो केवळ संख्यांच्या एका ओळीत असतो, आसपास λ नसतो, म्हणून नजर तेथे थांबते. मला तरी या रीतीत चुका बऱ्याच कमी झाल्या.

मात्र या रीतीत मुळांची बेरीज ट्रेसशी आणि गुणाकार निश्चयकाशी जुळवून पाहिल्यास फक्त वर्गसमीकरण बरोबर सोडवले एवढेच कळते, कारण त्या संख्या आपणच त्यात घातलेल्या असतात. खरी पडताळणी मूळ मॅट्रिक्समध्ये परत जाऊन होते. λ = 2 ठेवल्यास A − 2I च्या ओळी (2, −2) आणि (1, −1) येतात; एक दुसरीची दुप्पट आहे, म्हणून मूळ बरोबर, आणि आयगनसदिश (1, 1) त्याच ओळीतून मिळतो. त्या विद्यार्थिनीचे मोठे मूळ सुमारे 4.56 होते; ते ठेवल्यावर ओळी (−0.56, −2) आणि (1, −3.56) येतात. पहिल्या घटकांचे गुणोत्तर ऋण आणि दुसऱ्यांचे धन, म्हणजे ओळी प्रमाणात नाहीत व मूळ चुकले आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि आयगनसदिशांसाठी ती मॅट्रिक्स तशीही लिहावी लागतेच.

परीक्षेत निश्चयक शून्य असल्याची एक ओळ आधी लिहून मग ट्रेसचे समीकरण लिहावे, असे मी सुचवतो. तर्क दाखवला जातो आणि उलगडा टळतो. तीन बाय तीनमध्ये मात्र λ च्या सहगुणकासाठी मुख्य कर्णाला धरून असलेले तीन छोटे निश्चयक काढून मिळवावे लागतात, त्यामुळे तेथे ट्रेसच्या रीतीची सोय बरीच कमी होते, आणि एखाद्या ओळीत शून्ये असतील तर मी स्वतःही उलगड्याकडेच परततो.