व्हेस्ट की वेस्ट : वाचून सराव करायचा की ऐकून?

इंग्लिशच्या मिनिमल पेअरचे, म्हणजे फक्त एकाच आवाजाचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्यांचे, सरावाचे सेट बहुतेक दोन प्रकारचे मिळतात. एकात कागदावर दोन शब्द शेजारी शेजारी असतात आणि ते तुम्ही मोठ्याने वाचायचे, दुसऱ्यात ऑडिओ लावायचा, एकच शब्द ऐकू येतो आणि दोनातला कुठला ते टिक करायचं. आधी कुठला घ्यायचा हे मी एकाच जोडीवर सांगतो, व्ही आणि डब्ल्यू, कारण आपली खरी गोची तिथेच आहे.

आपला "व" या दोघांच्या मधोमध बसतो. वरचे दात खालच्या ओठाजवळ जातात पण घासत नाहीत. इंग्लिश व्हीला दात ओठावर टेकून हवा घासत बाहेर यावी लागते, तीन सेकंद धरून ठेवला तर ओठाला गुदगुल्या होतात. डब्ल्यूला दातांचा संबंधच नाही, ओठ ऊ म्हणताना होतात तसे गोल. म्हणून वेस्ट म्हणजे पश्चिम म्हणायचं असेल तर आधी ऊ धरा आणि तिथून एस्टवर सरका, आपोआप जमतं. मराठीत आपण व्हीसाठी "व्ह" लिहितो हे चांगलंच आहे, पण बरेचजण तो बोलताना व आणि ह असा फुंकर मारून म्हणतात आणि त्यात घासणारा आवाज नसतोच, हे लक्षात ठेवा.

तोंडाची ही सवय लावायला वाचायचा प्रकार मस्त आहे, आरसा घ्या आणि सुरू करा. पण त्याचा मोठा दोष असा की उत्तर तुम्हाला आधीच दिसतंय. स्पेलिंगमध्ये व्ही दिसला की मेंदू म्हणतो मी व्ही बोललो, मग तोंडातून काहीही येवो. शिवाय स्पेलिंग नेहमी साथ देत नाही, वन म्हणजे एक आणि क्विक या शब्दांत डब्ल्यू अक्षर नाही पण आवाज आहे, राइट म्हणजे लिहिणे यात अक्षर आहे पण आवाज नाही, आणि "चा-ची-चे" वालं जे ऑफ आहे त्यात अक्षर एफ आणि आवाज व्हीचा.

माझ्या भाचीचं उदाहरण सांगतो. व्हेट-वेट, व्हाइन-वाइन, व्हर्स-वर्स असे 20 शब्द तिने वाचले आणि स्वतःला 20 पैकी 20 दिले. मी ते रेकॉर्ड करून ठेवलं, चार दिवसांनी क्रम बदलून तिलाच ऐकवलं आणि विचारलं तू कुठला म्हणालीस, तर 11 बरोबर. म्हणजे नाणं उडवून सांगितल्यासारखंच. मग ऑडिओचा सेट दिला तिथेही 12. म्हणजे कानालाच फरक कळत नव्हता, तर तोंड दुरुस्त कोण करणार?

ऐकायच्या प्रकारात ही फसवणूक होत नाही, पण दुसरी होते. पर्याय दोनच असल्यामुळे नुसत्या अंदाजाने निम्मे बरोबर येतात, आणि 10 प्रश्नांच्या टेस्टमध्ये 7 किंवा जास्त मार्क अंदाजपंचेसुद्धा साधारण सहातून एकदा पडतात. म्हणून निदान 20 प्रश्न असलेला सेट घ्या, तिथे 15 च्या वर नुसत्या अंदाजाने जाणं फार अवघड आहे. पूर्ण वाक्यं असलेला सेट सुरुवातीला नको, "ग्लासात ओतली" असं काही ऐकलं की वाइनच असणार हे कान न वापरता कळतं. आणि प्रत्येक उत्तरानंतर लगेच बरोबर-चूक सांगणारा असला पाहिजे, शेवटी एकदम मार्क दाखवले तर नेमकं काय चुकलं ते ऐकलेलं विसरून गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त बघायचं ते म्हणजे आवाज किती जणांचे आहेत. जपानी लोकांना आर आणि एल ऐकायला शिकवायचे प्रयोग झालेत, 1991 मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी अनेकांचे आवाज वापरून केलेला प्रसिद्ध आहे, आणि 1993 मध्ये त्याच तिघांना असं दिसलं की एकाच माणसाच्या आवाजावर शिकलेल्यांना नवीन माणसाचा आवाज आला की तो फायदा टिकत नाही. भाचीचंही तेच झालं, पहिल्या ॲपमध्ये एकच बाई बोलायची, तिथे 18 पर्यंत पोचली, पण दुसऱ्या सेटमध्ये पुरुषाचा आवाज आला आणि परत 13.

त्यामुळे मी असं ठरवीन : आधी कुठलाही अनोळखी आवाजाचा 20 चा ऑडिओ सेट देऊन बघा. 15 च्या खाली आलात तर ऐकायचाच प्रकार घ्या, बरेच आवाज असलेला, आणि वाचायचा सध्या बाजूला ठेवा. 18 च्या वर आलात पण लोक तुम्हाला "काय म्हणालात?" असं परत परत विचारत असतील तर वाचायचा घ्या, मात्र एकट्याने नाही. समोरच्याला तोच कागद द्या, तुम्ही शब्द म्हणा, त्याने बोट ठेवायचं, आणि त्याने बोट ठेवलेला शब्द हेच तुमचं उत्तर समजायचं, मनात काय होतं ते मोजायचं नाही. फक्त त्या समोरच्याच्या कानाला फरक कळतो ना, हे त्यालाही आधी तोच ऑडिओ सेट देऊन तपासून घ्या.