हातउसन्याचा हिशेब: उसन्याला एक ओळ, माणसाला एक पान, की व्यवहाराला एक ओळ?

मित्राला किंवा नातेवाइकाला पैसे दिले की ते कुठेतरी लिहून ठेवावेत, एवढं सगळ्यांनाच कळतं. अडतं ते शीट उघडल्यावर. एका ओळीत नेमकं काय लिहायचं? मी तीन मांडण्या वापरून पाहिल्या आहेत. तिन्ही पहिल्या महिन्यात उत्तम चालतात. फरक दिसायला लागतो तो कुणी पैसे तुकड्यातुकड्याने परत करायला लागल्यावर, किंवा जुने फिटायच्या आत नवे मागितल्यावर. म्हणून तिन्ही मांडण्यांना एकच उदाहरण लावून बघू. नावं काल्पनिक आहेत.

सुहासला 12 जानेवारीला 20,000 दिले. 10 फेब्रुवारीला मावशीला 15,000 दिले. 3 मार्चला सुहासने 5,000 परत केले आणि 20 मार्चला आणखी 8,000 नेले. मावशीने 1 एप्रिलला सगळे 15,000 एकरकमी दिले. 15 मेला सुहासकडून 10,000 आले.

उसन्याला एक ओळ

सगळ्यांना आधी हीच मांडणी सुचते. नाव, कधी दिले, किती दिले, किती आले, बाकी. मावशीच्या बाबतीत ती अगदी चोख बसते: एक ओळ, दोन्ही बाजूंना 15,000, बाकी शून्य. ओळ राखाडी केली की विषय संपला.

सुहासशी मात्र ती झगडते. त्याच्या दोन ओळी होतात, एक 20,000 ची आणि एक 8,000 ची. 3 मार्चचे 5,000 पहिल्या ओळीत गेले. आता 15 मेचे 10,000 कुठे लिहायचे? पहिल्याच ओळीत लिहिले तर ‘किती आले’ या घरातले 5,000 पुसून तिथे 15,000 करावे लागतात, आणि 3 मार्चची तारीख गेली. तारखा ठेवायच्या म्हणून काही जण त्याच घरात ‘5000 मार्च, 10000 मे’ असं लिहितात. पण शीटच्या लेखी तो मजकूर आहे, आकडा नाही, त्यामुळे खालची बेरीज ते घर सरळ वगळते. मी स्वतः बरेच दिवस त्या घरात `=5000+10000` असं लिहीत होतो. बेरीज बरोबर येते आणि हप्तेही दिसतात, पण कुठला कधीचा ते कळत नाही.

याहून मोठी अडचण माणसाच्या बाजूने येते. तुम्ही 10,000 जुन्या उसन्यात धरले, म्हणजे तुमच्या मते पहिल्यातले 5,000 आणि दुसऱ्याचे पूर्ण 8,000 राहिले. सुहासच्या डोक्यात मात्र असं आहे: ‘मार्चमध्ये घेतलेले आठ फिटले, आणि दोन जुन्यात गेले.’ त्याच्या हिशेबाने पहिल्यातले 13,000 राहिले आणि दुसरं उसनं संपलं. दोघांची एकूण बाकी 13,000 च आहे, तरी ओळी जुळत नाहीत म्हणून अर्धा तास वाद होतो. ही मांडणी प्रत्येक परतफेड कुठल्यातरी एका उसन्याला चिकटवायला लावते, आणि देणाऱ्याने तसं काही ठरवलेलंच नसतं.

माणसाला एक पान

प्रत्येक नावाचा वेगळा टॅब. खातेवहीत असायचं तसंच. सुहासच्या टॅबमध्ये चार ओळी, मावशीच्या टॅबमध्ये दोन. तारखा टिकतात आणि हप्ते कुठल्या उसन्यातले हा प्रश्नच उरत नाही. एक फायदा तर बाकी दोन मांडण्यांत इतक्या सहज मिळत नाही: समोरच्याला त्याच्या टॅबचा स्क्रीनशॉट जसाच्या तसा पाठवता येतो. इतर कुणाला किती दिलेत ते त्याला दिसत नाही. नात्यागोत्यात ही बाब छोटी नाही.

तोटा एकत्र बघताना कळतो. ‘सध्या माझे एकूण किती पैसे बाहेर आहेत?’ याचं उत्तर काढायला सूत्रात एकेका टॅबचं नाव घालावं लागतं, आणि नवा टॅब उघडला की तो त्या सूत्रात जोडायचं राहतं. ते राहिलं हे कळायलाही मार्ग नसतो, कारण बेरीज चुकते पण बिनतक्रार दिसते. दोन-तीन माणसं, तीही वर्षानुवर्षं तीच, असं असेल तर ही मांडणी ठीक. माणसं बदलती असली की टॅबांची माळ होते.

व्यवहाराला एक ओळ

सध्या मी हीच वापरतो. पैसे हलले की एक ओळ, मग ते जाणारे असोत की येणारे. लिहिलेली ओळ पुन्हा बदलायची नाही. A मध्ये तारीख, B मध्ये नाव, C मध्ये ‘दिले’, D मध्ये ‘आले’, E मध्ये त्या माणसाची त्या क्षणाची बाकी, F मध्ये टीप.

| तारीख | नाव | दिले | आले | बाकी |
|---|---|---|---|---|
| 12 जाने. | सुहास | 20,000 | | 20,000 |
| 10 फेब्रु. | मावशी | 15,000 | | 15,000 |
| 3 मार्च | सुहास | | 5,000 | 15,000 |
| 20 मार्च | सुहास | 8,000 | | 23,000 |
| 1 एप्रिल | मावशी | | 15,000 | 0 |
| 15 मे | सुहास | | 10,000 | 13,000 |

रकान्यांना ‘जमा’ आणि ‘नावे’ अशी नावं मी मुद्दाम दिली नाहीत. हिशेबाची सवय नसलेल्या माणसाचा सहा महिन्यांनी हमखास गोंधळ होतो, की जमा म्हणजे माझ्याकडे की त्याच्याकडे. ‘दिले’ आणि ‘आले’ यांत तो होत नाही.

बाकीचं सूत्र दुसऱ्या ओळीत लिहून खाली ओढायचं:

```
=SUMIF(B$2:B2,B2,C$2:C2)-SUMIF(B$2:B2,B2,D$2:D2)
```

वरपासून या ओळीपर्यंत याच नावाला जेवढे दिले, त्यातून याच नावाकडून आलेले वजा. `B$2` मधल्या डॉलरमुळे सुरुवात दुसऱ्या ओळीलाच बांधलेली राहते आणि शेवट ओळीबरोबर खाली सरकतो. त्यामुळे माणसं कितीही मिसळली तरी प्रत्येकाची बाकी वेगळी चालत राहते. सुहासचं नाव फिल्टर केलं की फक्त त्याच्या चार ओळी दिसतात, म्हणजे स्क्रीनशॉटची सोय इथेही झाली. एवढंच, की पाठवण्याआधी फिल्टर लावला आहे ना ते दोनदा बघा.

नवी ओळ नेहमी तळाशी घाला. ताजं वर दिसावं म्हणून यादी उलटी लावली तर सूत्र वरून मोजत असल्याने बाकी उलट्या क्रमाने चालते, आणि मधले आकडे निरर्थक होतात. दुसऱ्या ओळीच्याही वर ओळ घुसवली तर सूत्राची सुरुवात एक घर खाली सरकते आणि ती नवी ओळ हिशेबाबाहेर राहते.

बाजूला सारांश हवा. H मध्ये प्रत्येक नाव एकदाच, आणि शेजारी I मध्ये:

```
=SUMIF(B:B,H2,C:C)-SUMIF(B:B,H2,D:D)
```

या मांडणीची खरी दुखरी नस म्हणजे नाव. ‘सुहास’ आणि मागे एक स्पेस असलेला ‘सुहास ’ हे शीटला दोन वेगळे इसम वाटतात. फोनवर सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड पुष्कळदा ती स्पेस आपणहून टाकतो आणि डोळ्यांना ती दिसत नाही. ‘मावशी’चं ‘मावशि’ झालं तरी तेच. समजा 15 मेच्या ओळीत ही स्पेस आली. त्या ओळीत बाकी −10,000 दिसेल, आणि सारांशात सुहास 23,000 वरच राहील. बाकी उणे दिसली की एकतर त्याने जास्त दिलेत किंवा नाव चुकलंय, आणि बहुतेक वेळा नावच चुकलेलं असतं.

ही चूक पकडायला एक घर पुरतं. नावांकडे न बघता सगळे ‘दिले’ वजा सगळे ‘आले’, म्हणजे 43,000 वजा 30,000, 13,000. सारांशातल्या बाक्यांची बेरीज तेवढीच यायला हवी. स्पेसच्या चुकीत ती 23,000 येते. फरक 10,000 चा, म्हणजे त्याच रकमेची ओळ शोधायची. नाव टाइप करण्याऐवजी त्या रकान्याला ड्रॉपडाउन लावलं तर ही वेळच सहसा येत नाही.

पण हा ताळा सगळ्या चुका पकडत नाही. सुहासचे आलेले 5,000 चुकून ‘दिले’मध्ये गेले तर दोन्ही बेरजा सारख्याच चुकतात आणि ताळा जुळतो. अशा वेळी माणूसच सांगतो की आकडा बरोबर नाही. त्याच्या आणि तुमच्या आकड्यात 10,000 चा फरक निघाला तर आधी त्याच्या निम्म्या, म्हणजे 5,000 च्या नोंदी बघा. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम बाकीत दुप्पट फरक पाडते. रक्कम ‘5000/-’ अशी लिहिलेली असेल तर तीही मजकूर ठरून बेरजेतून गळते. मजकूर घराच्या डावीकडे चिकटतो आणि आकडा उजवीकडे, तेवढ्यावरून ओळखता येतं.

पैसे हातात न येता फिटतात तेव्हा काय, हेही आधीच ठरवून ठेवावं. त्याने तुमचं तिकीट काढलं आणि ‘ते दोन हजार त्यातून वळते कर’ म्हणाला, तर ‘आले’मध्ये 2,000 आणि टिपेत ‘वळते’. तुम्हीच काही रक्कम सोडून दिलीत तर तीही ‘आले’मध्येच लिहायची, टिपेत ‘सोडले’. बाकी शून्य व्हायलाच हवी, पण प्रत्यक्ष किती आले ते पुढे बघायचं झालं तर टिपेवरून वेगळं काढता येतं.

मग कुठली घ्यायची?

माणसं एकरकमीच परत करतात, आणि ‘कुठलं उसनं कधी परत येणार’ ही तारीख तुम्हाला महत्त्वाची आहे, असं असेल तर उसन्याला एक ओळच बरी. तिथे ठरलेल्या तारखेचा रकाना नैसर्गिक बसतो. व्यवहाराच्या ओळीत तो लंगडतो, कारण तिथे बाकी माणसाची असते, उसन्याची नसते. जुनं किती राहिलं हे कळायला आलेले पैसे आधी जुन्यात धरायचा नियम करावा लागतो. सुहासचे आलेले 15,000 जानेवारीच्या 20,000 त गेले, म्हणून जानेवारीचे 5,000 आणि मार्चचे 8,000 शिल्लक. हा नियम त्यालाही सांगितलेला असावा.

हप्त्यांनी परतफेड, तीच माणसं पुन्हा पुन्हा, आणि एकूण आकडा हवा असेल तर मी दुसरी कुठलीही मांडणी सुचवणार नाही. आधीच्या शीटमधून इकडे येताना सगळा इतिहास पुन्हा टाइप करत बसू नका. प्रत्येक नावाची एक ओळ, आजची तारीख, ‘दिले’मध्ये राहिलेली रक्कम, टिपेत ‘मागील बाकी’. मात्र ती रक्कम भरण्याआधी ज्याची त्याला कळवा. माझ्याकडे तेव्हा पाचांपैकी दोन आकडे जुळले नव्हते, आणि त्यातला एक माझ्याच बाजूने चुकला होता.