यशोदा की यशोधरा?

भाचीला एम.ए.साठी निबंध लिहायचा होता: भारतीय आणि युरोपीय कलेतली आई आणि मूल. तिच्या मसुद्याचं पहिलंच वाक्य होतं, "आईची माया सगळीकडे सारखीच असते." मी म्हटलं, याच्या उलट म्हणणारा कोणी भेटेल का? नाही ना, मग तो मुद्दा झाला नाही. "पण मामा, सारखीच तर असते न!" असेल, पण त्यावर तीन पानं कशी भरणार?

तिच्यापुढे चित्रांच्या दोन जोड्या होत्या.

पहिली जोडी सगळ्यांनाच सुचते. इकडे कृष्णाला पाजणारी यशोदा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली चोळकालीन धातुमूर्ती. तिकडे येशूला पाजणारी मेरी, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातलं १४९०च्या सुमाराचं 'लित्ता मॅडोना'. (ते लिओनार्दोचं की त्याच्या शिष्याचं, हा वाद आहे, निबंधात त्यात शिरू नये.) मांडणी एकच, आणि फसगत तिथेच होते. लित्ता चित्रात बाळाच्या हाताकडे नीट पाहा. मुठीत एक गोल्डफिंच आहे. हा पक्षी काटेरी झुडपांतलं बी खातो आणि त्याच्या तोंडावर लाल डाग असतो, म्हणून युरोपच्या चित्रकारांनी त्याला येशूच्या काटेरी मुकुटाशी आणि रक्ताशी जोडलं. म्हणजे दूध पिणाऱ्या बाळाच्या हातात त्याचं मरण आहे.

यशोदेचं उलट आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात माती खाल्ली म्हणून ती कृष्णाला तोंड उघडायला लावते, तिला आत सगळं विश्व दिसतं, आणि लगेच मायेने ती ते विसरते. विसरली नसती तर त्याला मांडीवर घेणं तिला जमलं असतं का? मेरीच्या चित्रात पुढचं मरण दाखवलेलं असतं. यशोदेला मात्र विसरावं लागतं, तेव्हाच तिला आई होता येतं. मुद्दा पक्का आहे आणि मला आवडतोही. अडचण एवढीच की गोल्डफिंच चित्रात आहे, पण यशोदेचं विसरणं पोथीत आहे. धातूच्या मूर्तीत ते बोट ठेवून दाखवता येत नाही, त्यामुळे निबंधाचा अर्धा भाग चित्र सोडून कथेवर जातो.

दुसरी जोडी आहे अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातली यशोधरा आणि राहुल, आणि समोर जोवान्नी बेल्लिनीचं १५००च्या सुमाराचं 'कुरणातली मॅडोना', लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. दीक्षाभूमीच्या शहरात राहुलाची गोष्ट वेगळी सांगायला नको. कपिलवस्तूला परतलेल्या बुद्धाकडे आई मुलाला पाठवते: हे तुझे वडील, वारसा माग. मुलगा मागतो, आणि वारसा म्हणून त्याला प्रव्रज्या मिळते. त्यावर शुद्धोदन इतका कळवळला की आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलाला दीक्षा देऊ नये, असा नियमच झाला. आता भिंत पाहा. भिक्षापात्र घेतलेले बुद्ध प्रचंड मोठे आणि त्यांच्यापुढे आई-मूल एवढेसे. आईने मुलाला पुढे केलंय. जे पुढे घडणार ते या आकारांतच दिसतं; त्यासाठी वेगळं चिन्ह लागत नाही.

बेल्लिनीची मेरी जमिनीवर बसली आहे, हात जोडलेले, मांडीवर बाळ झोपलेलं. ती झोप मांडीवरच्या मृत येशूची आठवण करून देते. डावीकडच्या निष्पर्ण झाडावर काळा पक्षी बसलाय.

दोन्हीकडे आई मुलाला गमावते. इटलीत ते चिन्हांतून कळतं आणि पाहणाऱ्याला चिन्हं वाचता यावी लागतात. अजिंठ्यात ते आकारातून कळतं आणि मुलाला पुढे करणारा हात आईचाच असतो. विधान इथे सापडतं: युरोपात आई नशिबाची साक्षीदार आहे, अजिंठ्यात ती स्वतः देणारी आहे. याच्या उलट बाजूने कोणी वाद घालू शकतो, म्हणून मी हीच जोडी घे म्हटलं. यशोदा एका परिच्छेदापुरती येऊ दे, 'न जाणणारी आई' म्हणून.

एक चूक आपल्याकडची पोरं हमखास करतात. लेणं वाकाटककालीन म्हटलं की ती रामटेकजवळच्या नगरधनला जोडून मोकळी होतात. १७ क्रमांकाचं लेणं हरिषेणाच्या काळातलं, एका मांडलिक राजाने कोरवून घेतलेलं; आणि हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आजच्या वाशिमचा.

लंडन काही परवडणार नाही, पण रात्रीच्या गाडीने जळगाव, तिथून बसने अजिंठा जमतं. आत उजेड मंद असतो आणि फ्लॅश चालत नाही, म्हणून डोळे सरावेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. तिने रविवारी रात्रीचं तिकीट काढलं होतं. रद्द करायला लावलं, कारण अजिंठा सोमवारी बंद असतो.