महिन्याला ९९९, प्रश्न कितीही: माझा टॅरोतला पहिला धडा

टॅरो शिकून पाच-सहा महिने झाले, मैत्रिणींची कार्डं काढून हात बसला, की कुणीतरी म्हणतंच, "पैसे का घेत नाहीस गं?" मीही घ्यायला लागले. तीन कार्डांच्या एका प्रश्नाला ५१ रुपये. हा आकडा कुठून आला, तर मागायची लाज वाटत होती तिथून.

दुसऱ्याच महिन्यात एक बाई आल्या. बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात ताई. चार-पाच प्रश्न झाल्यावर म्हणाल्या, "ताई, दर वेळी ५१ पाठवण्यापेक्षा महिन्याचे ९९९ घ्या, मी मधूनमधून विचारत जाईन." एकदम हजार रुपये! मी लगेच हो म्हटलं. किती प्रश्न, कुणाचे, किती वेळात उत्तर, काहीच ठरवलं नाही.

त्या महिन्यात ३४ प्रश्न आले. नणंदेचं लग्न, भावाचं दुकान, मैत्रिणीचा नवरा, मैत्रिणीच्या मैत्रिणीचा व्हिसा. मी प्रत्येक कार्डाची वेगळी व्हॉइस नोट पाठवायची. त्यांची एकच अट होती: "नोटमध्ये कुणाचं नाव घेऊ नका हं, घरात कुणी ऐकलं तर पंचाईत." मला ते पटलंसुद्धा.

एक गोष्ट मात्र खटकायला हवी होती. मी उलट काही विचारलं, म्हणजे "दोघं कधीपासून वेगळे राहतात?" एवढं साधं, तरी उत्तर यायला तीन-चार तास लागायचे. स्वतःच्या नणंदेबद्दल एवढा वेळ कशाला लागेल? त्या प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी विचारून मग मला उत्तर देत होत्या.

उलगडा झाला तो इन्स्टाग्रामवर. मी रोज एक कार्ड काढून छोटा व्हिडिओ टाकते. त्याखाली इचलकरंजीच्या एका मुलीचा मेसेज आला: "मॅडम, हा आवाज माझ्याकडं आहे. नवरा परत येणार म्हणून सांगितलं होतं तुम्ही. मी ७०० रुपये भरलेत." तिने नोट पाठवली. आवाज माझाच, मागे आमच्या कुकरची शिट्टीसुद्धा.

त्या 'मैत्रिणीच्या नवऱ्या'साठी मी तीन कार्डं काढली होती. पहिलं सिक्स ऑफ कप्स, त्यावर मी म्हटलं होतं की जुन्या नात्याची ओढ अजून आहे. दुसरं टू ऑफ स्वोर्ड्स, निर्णय अडकलाय. तिसरं एट ऑफ कप्स, ज्यात माणूस भरलेले पेले मागे टाकून पाठमोरा निघालाय. त्या नोटमध्ये मी स्पष्ट म्हटलं होतं, तो परतेल असं यात दिसत नाही, तिने स्वतःची सोय बघावी. त्या मुलीला फक्त पहिली नोट मिळाली होती. चांगलं तेवढं विकलं, उरलेलं गाळलं. मी तुकडे करून पाठवत होते म्हणून ते सोपंही गेलं.

बाईंना विचारलं तर उत्तर आलं, "तुमचे पैसे तुम्हाला दिलेत ना?" आणि ब्लॉक. तक्रार करावी असं वाटलं, पण दाखवायला माझ्याकडे एका ओळीचीसुद्धा अट लिहिलेली नव्हती.

शुक्रवार पेठेत माझे मामा पत्रिका बघतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समोर कोण बसलंय ते न बघता पानं उलटतीस व्हय?" त्यांच्याकडे विचारणारा स्वतः येतो आणि आधी दक्षिणा ठेवतो. जोशाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणतात, ते मी आजवर नुसतं रीत म्हणून ऐकलं होतं.

मग वहीत हिशोब मांडला. प्रश्न समजून घेणं, कार्डं, रेकॉर्डिंग आणि नंतरच्या शंका धरून एका प्रश्नाला साधारण ३५ मिनिटं. ३४ प्रश्नांचे जवळजवळ वीस तास, म्हणजे तासाला पन्नास रुपये. आठवीच्या शिकवणीला मला तासाला अडीचशे मिळतात. त्या दराने एका प्रश्नाचे दीडशेच्या आसपास होतात, म्हणून १५० ठेवले. अनुभवी लोक घेतात तेवढे मी मागणार नाही, कारण अजून काही कार्डांना पुस्तक उघडावं लागतं आणि ते मी आधीच सांगते.

आता पैसे आधी, आणि ते बँकेत जमा झालेले मी स्वतः बघते, स्क्रीनशॉटवर नाही. एक प्रश्न, त्यावर दोन दिवसांत एक शंका. आजारपण आणि कोर्टकचेरी घेत नाही. नोट एकच अखंड, सुरुवातीला विचारणाऱ्याचं पहिलं नाव, तारीख आणि प्रश्न. नाव नको म्हणणाऱ्याला मी नको म्हणते. महिन्याचं पॅकेज बंद.

यामुळे गिऱ्हाईकं कमी झाली, हे खरं आहे. त्या इचलकरंजीच्या मुलीला मात्र फोन लावून उरलेली दोन कार्डं सांगितली, पैसे न घेता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे तेव्हाच कळलं असतं तर मी माहेरचं घर भाड्यानं दिलं नसतं."