घोडबंदर रोडवाल्यांनो, आरओचा मेम्ब्रेन बदलला असेल तर आधी हे वाचा

4,850 रुपये गेले. मेम्ब्रेन 2,600, सेडिमेंट 650, कार्बन 750, बाहेरचा स्पन 350 आणि व्हिजिट चार्ज 500. नेटवर कस्टमर केअर म्हणून जो नंबर सगळ्यात वर आला तोच मी लावला, पुढचं तुम्हाला माहीतच आहे, दोन तासांत कंपनीच्या रंगाचा टीशर्ट घातलेला माणूस दारात.

मी काही अडाणी नाही हो, पंधरा वर्षं अकाउंट्समध्ये आहे, जीएसटी नंबर नसलेलं बिल मी ऑफिसात परत पाठवते. पण त्या दिवशी सासूबाईंना ताप, घरात प्यायला पाणी नाही, आणि तो "ताई बिल व्हॉट्सॅपवर येईल" म्हणाला. मी हो म्हटलं.

एक क्षण मात्र डोक्यातून जातच नाही. मेम्ब्रेनची पिशवी त्याने बॅगेतून काढली तेव्हा तिचं एक टोक सेलोटेपने चिकटवलेलं होतं, हे मी पाहिलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. याआधीचा मेम्ब्रेन आला होता तो जाड प्लास्टिकमध्ये घट्ट, चारही बाजूंनी मशीनने बंद केलेला, कात्रीशिवाय उघडला नव्हता. मी विचारणार तेवढ्यात आतून सासूबाईंनी हाक मारली, परत आले तर पिशवी, खोके, जुने फिल्टर सगळं त्याच्या बॅगेत. "कचरा मीच नेतो ताई." मला तर तो सज्जन वाटला!!

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी मिसळतं, नळाला टीडीएस 380 च्या आसपास असतो आणि आरओतून 35-40 यायचा. नवीन मेम्ब्रेन सुरुवातीचं पाणी नीट देत नाही म्हणून दोन टाक्या ओतून दिल्या, दोन दिवस थांबले, तरी 190. अर्थात एवढ्यावरून माल नकलीच असं होत नाही, मेम्ब्रेनच्या नळीवरची छोटी ओ-रिंग नीट बसली नाही तरी कच्चं पाणी आत मिसळतं. म्हणून ओळखीच्या प्लंबरकडून हाउसिंग उघडून परत बसवून घेतलं. तरीही 185.

मग फोटो काढत बसले. माझ्या नशिबाने दोन वर्षांपूर्वीचा जुना फोटो मोबाईलमध्ये होता, वॉरंटीसाठी काढलेला. जुन्या लेबलवर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीचा नंबर. नवीनवर नुसतं कंपनीचं नाव, 80 जीपीडी आणि सीरियल नंबर. अक्षरं जाड, कडा पसरलेल्या, लेबल तिरकं आणि त्यावरची पारदर्शक टेप एका बाजूला सुटलेली. कडेचा काळा रबरी सील बोटाने फिरवला तर सहज फिरला. पण रंग वेगळा दिसतो यावर जाऊ नका, ट्यूबलाइटमध्ये खरा मालही फिका दिसतो, आणि कंपन्या पॅकिंगचं डिझाइन बदलतातही.

खरा पुरावा बी विंगमधल्या काकूंकडे निघाला. त्यांच्याकडेही तोच माणूस आलेला, त्यांना लेबलचा फोटो मागितला तर सीरियल नंबर आकडा न आकडा माझाच! बॅच नंबर सारखा असला तर काही नाही, एका बॅचमध्ये ढीगभर नग असतात, पण सीरियल प्रत्येक नगाचा वेगळा असायला हवा.

एवढं घेऊन कंपनीला फोन केला तर "तो आमचा माणूस नाही, बाहेरचा पार्ट लावल्यामुळे आता तुमची वॉरंटी गेली." म्हणजे शिक्षा मलाच? फोटो मेल केले, आठ दिवसांनी उत्तर, खोक्याचा फोटो पाठवा. खोका तोच घेऊन गेला हे तीनदा लिहिलं. पोलीस चौकीत दीड तास बसवलं आणि म्हणे, "मॅडम, पार्ट तर बसवलाय ना, पाणी पण येतंय, मग फसवणूक कसली?" हेल्पलाइनवाल्यांना विक्रेत्याचा पत्ता हवा होता. अहो पत्ता असता तर मीच नसते का गेले त्याच्या दारात! दोन घरांत एकच सीरियल नंबर आहे हे एकानेही नीट ऐकून घेतलं नाही, एकानेही फोटो मोठा करून पाहिला नाही.

शेवटी अधिकृत सेंटरमधून 2,900 चा मेम्ब्रेन स्वतः जाऊन आणला, टीडीएस 38 वर आला.

नंबर नेटवरून नाही, मशीनवरच्या स्टिकरवरून किंवा मॅन्युअलमधून घ्या. पिशवी तुमच्यासमोर, तुमच्या कात्रीने उघडायची, त्याआधी चारही बाजूंचा आणि लेबलचा फोटो. खोका आणि जुने पार्ट घराबाहेर जाऊ देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. बिलावर सीरियल लिहून घेतल्याशिवाय यूपीआय उघडायचं नाही.

मे महिन्यात आपल्या भागात कोणी असा मेम्ब्रेन बसवला असेल तर लेबल न काढता फोटो पाठवा, शेवटचे चार आकडे 4471 असतील तर लगेच सांगा. दोन घरांचं कोणी ऐकत नाही, दहा घरं झाली की आम्ही परत चौकीत जाणार आहोत.